लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकते, रेषा येतात, ठिपके दिसतात: केबल गेली की पॅनेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेतून, तासगाव, विटा, जत भागातून स्क्रीनबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक जण व्हिडिओ पाठवतात आणि खाली एकच ओळ असते: "पॅनेल बदलावं लागेल का?" केबल काही शेकड्यांत, फार तर दीड-दोन हजारांत येते आणि पॅनेलला त्याच्या कितीतरी पट पैसे जातात. म्हणून स्क्रू खोलण्याआधी दोष कुठे आहे ते ठरवायला हवं. त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक चाचण्या घरच्या घरी होतात.

१. स्क्रीनवर काहीतरी बिघडलंय एवढं दिसतं. पण आत नक्की कुठे काय बिघडू शकतं?

चित्र मदरबोर्डवरच्या ग्राफिक्स चिपमध्ये तयार होतं. तिथून ते एका पातळ केबलने बिजागरीतून वर झाकणात जातं. पॅनेलच्या मागे, बहुतेक वेळा खालच्या कडेला, एक अरुंद सर्किटपट्टी असते. तिला टीकॉन बोर्ड म्हणतात. केबल तिथे जोडलेली असते. त्या पट्टीपासून काचेपर्यंत लवचीक फिल्मचे छोटे तुकडे जातात आणि ते काचेच्या कडेला चिकटवलेले असतात. तिथून पुढे काचेतल्या अतिशय बारीक तारा एकेका पिक्सेलपर्यंत पोचतात.

म्हणजे टप्पे चार: ग्राफिक्स, केबल, पट्टी आणि काच. पट्टी काचेला कायमची चिकटलेली असते, त्यामुळे दुरुस्तीच्या भाषेत पट्टी आणि काच मिळून 'पॅनेल'. खालच्या उत्तरांत एकच गोष्ट शोधायची आहे: चित्र यातल्या कोणत्या टप्प्यावर बिघडतंय.

२. दुकानात नेण्याआधी घरी पहिली तपासणी कोणती करू?

घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबलने लॅपटॉप जोडा. `Win + P` दाबून `Duplicate` निवडा आणि दोन्ही पडदे शेजारी ठेवून बघा. टीव्हीवरही तीच लुकलुक, त्याच रेषा दिसल्या, तर केबल आणि पॅनेल दोन्ही निर्दोष. दोष ग्राफिक्सच्या चिपमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल, तर दोष बहुधा केबलपासून पुढे आहे.

टीव्ही नसेल, तर रेषा दिसत असताना `Win + Shift + S` ने स्क्रीनशॉट घ्या आणि स्वतःच्याच मोबाइलवर पाठवा. मोबाइलवर रेषा दिसली तर ती चित्रातच आहे. नाही दिसली तर चित्र तयार झाल्यानंतर कुठेतरी घुसली आहे. लोक इथे एक गफलत करतात. स्क्रीनशॉटऐवजी स्क्रीनचा फोटो काढून पाठवतात. फोटोत रेषा येणारच, त्यावरून काही ठरत नाही.

यानंतर लॅपटॉप बंद करून चालू करा आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, जा. कंपनीप्रमाणे `F2`, `F10` किंवा `Del` दाबावं लागतं. तिथे विंडोज आणि तिचे ड्रायव्हर चालू झालेले नसतात. बायोसच्या पडद्यावरही बिघाड तसाच असेल, तर विंडोज पुन्हा टाकून काहीही साधणार नाही.

३. झाकण मागेपुढे केलं की लुकलुक वाढते-कमी होते. म्हणजे केबलच ना?

बहुतेक वेळा हो, पण 'बहुतेक' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे.

केबल बिजागरीतून जाते आणि झाकण दर वेळी उघडताना-मिटताना तिथेच वाकते. इस्त्रीची वायर जशी मुठीपाशी तुटते, तशीच ही बिजागरीपाशी झिजते. आतल्या तारा केसासारख्या बारीक असतात. तार अर्धवट तुटली की एका कोनात टोकं भिडतात, दुसऱ्या कोनात सुटतात. म्हणून झाकण सरळ उभं असताना चित्र ठीक असतं आणि मागे रेलून बसलं की स्क्रीन गुलाबी होते, बर्फ पडल्यासारखे ठिपके येतात किंवा पूर्ण पांढरी पडते. केबलच्या दोषात सहसा सगळी स्क्रीन एकदम बिघडते. शिवाय बऱ्याच मॉडेलमध्ये वेबकॅमच्या तारा त्याच केबलमधून जातात. ऑनलाइन तासाला झाकण हलवलं की कॅमेराही बंद पडत असेल, तर केबलवरचा संशय फार पक्का होतो.

आता अपवाद. झाकण हलवताना फक्त केबल वाकत नाही, पॅनेलची खालची कडही थोडी पिळली जाते. बिजागरी कडक झाली असेल किंवा तिच्या बुडातलं प्लॅस्टिक तुटलं असेल, तर हा ताण बराच वाढतो. खालच्या कडेलाच फिल्म काचेला चिकटवलेली असते. तो चिकटवलेला जोड सैल झाला असेल, तर झाकण हलवल्यावर रेषा येतात-जातात आणि सगळ्यांना केबल गेली असं वाटतं.

दोन्ही वेगळं करण्याचा मार्ग असा. झाकण एका कोनात ठेवून हात काढा. मग खालच्या चौकटीवर बोटाने अगदी हलका दाब देत डावीकडून उजवीकडे या. ठरावीक एका जागी दाबल्यावरच रेषा बदलत असेल, तर पॅनेलचा जोड संशयित. कुठेही दाबून फरक पडत नसेल आणि फक्त कोन बदलल्यावर पडत असेल, तर केबल. दाबताना काचेवर बोट ठेवू नका, चौकटीवरच ठेवा.

याहून पक्की चाचणी चौकट काढल्यावर होते. झाकण अजिबात न हलवता प्लॅस्टिकच्या काडीने फक्त बिजागरीजवळची केबल किंचित हलवायची. तेवढ्याने चित्र बिघडलं तर वाद संपला. तुमच्या कारागिराला हे तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

४. एक उभी रेषा आली आहे, वरपासून खालपर्यंत. हलत नाही, जात नाही. केबल बदलून जाईल का?

नाही. एकाच जागी ठाण मांडून बसलेली, केसाएवढी बारीक, वरपासून खालपर्यंत सरळ जाणारी रेषा ही जवळजवळ नेहमी पॅनेलचीच असते.

कारण असं. केबलमधून प्रत्येक उभ्या रांगेसाठी वेगळी तार जात नाही. तशी गेली असती तर १९२० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनला हजारो तारा लागल्या असत्या. केबलमधून सगळ्या चित्राची माहिती मोजक्या जोड-तारांतून एकामागोमाग येते आणि तिचे रांगांत वाटप पॅनेलवर होतं. त्यामुळे केबल बिघडली की एकच रांग निवडून मरत नाही, बऱ्याच मोठ्या भागात गोंधळ होतो. एकच रांग मरते ती वाटपाच्या नंतर, म्हणजे फिल्मच्या जोडापाशी किंवा काचेत.

एकाऐवजी बोटभर रुंदीचा उभा पट्टा मेला असेल, तर तेवढ्या भागाची फिल्म किंवा तिच्यावरची चिप गेली आहे. तेही पॅनेलच.

५. आणि आडव्या रेषा?

एक-दोन आडव्या रेषा कायम एकाच जागी असतील, तर पॅनेल. आडव्या रांगा चालवणारं सर्किट हल्ली बऱ्याच पॅनेलमध्ये काचेच्या बाजूच्या कडेवरच बनवलेलं असतं. झाकण एका बाजूने धरून उघडायची सवय असेल, तर त्या कडेवर ताण येतो. झाकण नेहमी वरच्या कडेच्या मध्यावर धरून उघडावं.

आडवे पट्टे जागा बदलत असतील, थरथरत असतील, चित्र आडवं फाटल्यासारखं दिसत असेल, तर पॅनेलला दोष देण्याआधी प्रश्न २ मधली टीव्हीची तपासणी आणि प्रश्न ९ वाचा.

६. रेषेच्या खाली चौकटीवर दाबलं की रेषा जाते. आत कागदाची घडी घालून भागेल का?

दाबल्यावर रेषा जाणं म्हणजे फिल्म आणि काच यांच्यामधला जोड सुटत चालला आहे. हा जोड सोल्डरचा नसतो. वीज वाहून नेणाऱ्या बारीक कणांची एक चिकट पट्टी उष्णता आणि दाब देऊन तिथे बसवलेली असते. कारखान्यात फिल्म मायक्रोमीटरच्या अचूकतेने जुळवून मगच दाब दिला जातो, त्यामुळे दुकानात हिटगनने तो जोड पूर्ववत करणं भरवशाचं काम नाही.

कागदाची घडी किंवा रबराचा तुकडा घालून रेषा काही दिवस जाते, हे खरं आहे. पण तो दाब काचेवर एका बिंदूत पडतो आणि शेजारच्या रांगा सुटायला लागतात किंवा काच तडकते. परीक्षा तोंडावर आहे, पंधरा दिवस काढायचे आहेत, एवढ्यासाठी कुणी केलं तर समजू शकतो. दुरुस्ती म्हणून त्याचे पैसे कुणी मागत असेल, तर देऊ नका.

७. पॅनेल बदललं, दोन-तीन आठवडे चांगलं चाललं, पुन्हा तेच सुरू झालं. नवीन पॅनेलही खराब निघालं का?

असे बरेच लॅपटॉप येतात. त्यातलं एक उदाहरण सविस्तर सांगतो.

मिरजेच्या एका शिक्षिकेचा १५.६ इंची लॅपटॉप. स्क्रीन मध्येच हिरवट व्हायची, मग रंगीत ठिपके यायचे आणि दोन सेकंद काळी पडून परत यायची. एका दुकानात पॅनेल बदलून दिलं. काही आठवडे काही झालं नाही. नंतर पुन्हा सगळं जसंच्या तसं. दुकानदार म्हणाला, पॅनेलची वॉरंटी आहे, दुसरं लावून देतो.

टीव्हीवर चित्र स्वच्छ. बायोसमध्येही ठिपके, म्हणजे विंडोजचा संबंध नाही. झाकण काटकोनाच्या थोडं पुढे नेलं की बिघाड सुरू, थोडं मिटलं की बंद. खालच्या चौकटीवर डावीकडून उजवीकडे दाबून पाहिलं, काही फरक नाही. कॅमेरा चालू ठेवून तोच कोन दिला, तर ठिपके येताना कॅमेऱ्याचं चित्रही गोठलं. इथपर्यंत एकही स्क्रू खोललेला नव्हता आणि उत्तर जवळपास हाती आलं होतं.

चौकट काढल्यावर डाव्या बिजागरीपाशी केबलवरची काळी टेप घासून फाटलेली दिसली. तिच्या आतली चंदेरी जाळी उसवली होती आणि दोन तारांचं आवरण बिजागरीच्या धातूला घासून गेलं होतं. जुन्या केबलवर छापलेला भाग क्रमांक बघून तीच केबल मागवली, जुन्या मार्गानेच बसवली आणि खाचांत नीट दाबली. त्यानंतर सगळ्या कोनांत चित्र स्थिर. दोन्ही पॅनेल, जुनंही आणि नवंही, चांगलीच होती.

मग पॅनेल बदलल्यावर काही आठवडे बरं का वाटलं? पॅनेल बदलताना केबल काढून पुन्हा लावावी लागते. ती हलते, किंचित वेगळ्या वळणाने बसते आणि तुटकी टोकं तात्पुरती भिडतात. काम झाल्यासारखं वाटतं, कारागिरालाही तसंच वाटतं. झाकण उघड-मीट होत राहिलं की टोकं परत सुटतात. म्हणून पॅनेल बदलल्यावर बिघाड हुबेहूब परत आला, तर दुसरं पॅनेल लावू देण्याआधी केबल तपासायला लावा. आणि जुनं पॅनेल परत मागून घ्या, ते चांगलं असण्याची शक्यता मोठी आहे.

८. पॅनेल स्वतःच स्वतःची तपासणी करतं असं ऐकलं. ते कसं करायचं?

डेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये सोय आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर लावा, `D` कळ दाबून धरा आणि तशीच धरून पॉवर बटण दाबा. स्क्रीन पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी अशी एकेका रंगाने भरते. एचपीच्या लॅपटॉपवर चालू करताना `Esc` आणि मग `F2` दाबल्यावर कंपनीची तपासणी उघडते, त्यातही स्क्रीनची चाचणी असते. मात्र डेलची पद्धत जास्त उपयोगी, कारण तिथे रंग पॅनेल स्वतः भरतं, ग्राफिक्स चिपकडून चित्र येत नाही.

निकाल असा वाचायचा. या रंगांवरही रेषा त्याच जागी दिसली, तर पॅनेल गेलं. रंग स्वच्छ दिसले आणि विंडोजमध्ये मात्र ठिपके-रेषा येत असतील, तर पॅनेल ठीक आहे. केबल किंवा मदरबोर्ड तपासा.

याला एक मर्यादा आहे. चित्र केबलमधून येत नसलं, तरी पॅनेलला वीज केबलमधूनच मिळते. त्यामुळे या चाचणीत रेषा नाहीत पण सगळी स्क्रीनच मंद-प्रखर होत असेल, तर पॅनेल दोषी ठरवू नका. केबलमधल्या विजेच्या तारेनेही तसं होतं.

९. लुकलुक फक्त विंडोजमध्ये होते, बायोसमध्ये नाही. मग काय?

मग आधी सॉफ्टवेअर. `Ctrl + Shift + Esc` दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि लक्ष द्या. बाकी स्क्रीन लुकलुकते पण टास्क मॅनेजरची खिडकी स्थिर राहते, तर एखादं ॲप दोषी आहे. अलीकडे काय टाकलं ते आठवा आणि काढून बघा. टास्क मॅनेजरसकट सगळंच लुकलुकत असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हर. `Win + Ctrl + Shift + B` दाबल्यावर ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि एक बीप ऐकू येतो. त्यानंतर लुकलुक थोडा वेळ थांबली, तर ड्रायव्हर बदलून बघण्यात अर्थ आहे.

इंटेल ग्राफिक्सच्या लॅपटॉपमध्ये एक खास कारण असतं. वीज वाचवण्यासाठी स्थिर चित्र असताना पॅनेल स्वतःच्या स्मृतीतूनच ते दाखवत राहतं. या सोयीचं नाव पॅनेल सेल्फ रिफ्रेश. काही लॅपटॉपमध्ये ती नीट जुळत नाही आणि काही न करता नुसतं वाचत बसलं की लुकलुक होते, माउस हलवला की थांबते. ही खूण दिसली तर इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये पॉवरच्या भागात ती सोय बंद करून बघा. लिनक्स वापरत असाल, तर कर्नलच्या ओळीत हे घाला:

```
i915.enable_psr=0
```

टीव्हीवर स्वच्छ चित्र असूनही दोष पॅनेलचा किंवा केबलचा नसण्याचं हे मुख्य उदाहरण, कारण ही सोय फक्त लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनला लागू असते.

१०. बॅटरीवर ठीक, चार्जर लावला की लुकलुक. किंवा उलटं. हे केबलचं आहे का?

क्वचित. बॅटरीवर जाताच बरेच लॅपटॉप उजेड कमी करतात, काही रिफ्रेश रेटही, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं तो आकडाही, उतरवतात. `Settings` मध्ये `Display` आणि तिथून `Advanced display` उघडून दोन्ही स्थितींत आकडा बघा. तो आपोआप बदलत असेल, तर हाताने एकच ठेवून पाहा.

फक्त चार्जर लावल्यावर स्क्रीन थरथरते, टचपॅड वेड्यासारखं वागतं आणि धातूच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात, असं तिन्ही एकत्र असेल, तर आधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि शेतावरच्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थची वायरच जोडलेली नसते. तोच लॅपटॉप, तोच चार्जर नीट अर्थिंग असलेल्या जागी लावून बघितला की दहा मिनिटांत कळतं. तिथेही तसंच झालं तर चार्जर बदलून पाहा.

१४४ हर्ट्झच्या गेमिंग लॅपटॉपबद्दल एक गोष्ट. रिफ्रेश रेट ६० वर आणल्यावर ठिपके थांबत असतील, तर केबल किंवा तिच्या कनेक्टरवरचा संशय वाढतो. वेग जास्त असला की अर्धवट खराब केबल आधी हार मानते. हा पुरावा नाही, पण दिशा मिळते.

११. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसतात. डोळ्यांना दिसत नाहीत.

हा बिघाड नाही. उजेड कमी करण्यासाठी अनेक स्क्रीन मागचा दिवा अतिशय वेगाने चालू-बंद करतात आणि कॅमेऱ्याला तो वेग पट्ट्यांसारखा दिसतो. उजेड शंभर टक्के केला की पट्टे सहसा फिके होतात. डोळे दुखत असतील तर उजेड जास्त ठेवून खोलीतही दिवा लावा.

१२. स्क्रीन पूर्ण काळी आहे, पण लॅपटॉप चालू असल्याचा आवाज येतो.

अंधाऱ्या खोलीत मोबाइलची टॉर्च तिरकी धरून स्क्रीनवर मारा. आत अंधूक चित्र दिसलं, तर पॅनेलची काच आणि चित्राच्या तारा काम करताहेत, फक्त मागचा दिवा लागत नाही. त्याची कारणं तीन: केबलमधली दिव्याची तार तुटली, पॅनेलच्या मागची एलईडी पट्टी गेली किंवा मदरबोर्डवरचा दिव्याचा फ्यूज उडाला. झाकणाच्या कोनाने दिवा लागतो-विझतो तर केबल. पॅनेल बदलल्यानंतर लगेच असं झालं असेल, तर फ्यूज, आणि तो का उडतो ते प्रश्न १५ मध्ये आहे.

टॉर्चनेही काही दिसलं नाही, तर टीव्ही जोडून बघा (प्रश्न २).

१३. एक काळा ठिपका दिसतो. डेड पिक्सेल आहे की धूळ? आणि तो बरा होतो का?

स्क्रीन आधी पूर्ण पांढरी करा, मग काळी, लाल, हिरवी, निळी. एकरंगी चित्र पूर्ण स्क्रीनवर उघडलं तरी चालतं. चौकोनी, टोकदार कडांचा आणि सगळ्या रंगांवर काळाच राहणारा ठिपका म्हणजे डेड पिक्सेल. काळ्या पडद्यावरही लाल, हिरवा किंवा निळा चमकणारा ठिपका म्हणजे अडकलेला पिक्सेल. कडा अस्पष्ट आणि आकार वेडावाकडा असेल, तर धूळ आहे किंवा काचेमागच्या थरावर दाबाचा डाग पडला आहे.

अडकलेला पिक्सेल कधीकधी सुटतो. त्या जागी वेगाने रंग बदलणारी खिडकी काही तास चालू ठेवतात, त्यासाठी मोफत प्रोग्रॅम मिळतात. सुटला तर सुटला. डेड पिक्सेल मात्र सहसा परत येत नाही. बोटाने चोळण्याचे व्हिडिओ बघून चोळू नका. शेजारचे चांगले पिक्सेल त्यात जातात.

ठिपका कोणताही असो, केबलचा त्याच्याशी काही संबंध नाही. एखाद्या दुकानात "केबल बदलून बघू" असं म्हणाले तर नको म्हणा. आणि ठिपक्याऐवजी शाईसारखा काळा डाग असेल, तो दिवसागणिक पसरत असेल, तर काच आतून फुटली आहे. कीबोर्डवर पेन किंवा इअरफोन राहून झाकण मिटलं की हमखास असं होतं.

१४. नवीन लॅपटॉपवर एक डेड पिक्सेल आहे. कंपनी बदलून देईल ना?

एकासाठी बरेचदा देत नाही. १९२० × १०८० च्या स्क्रीनवर २०,७३,६०० पिक्सेल असतात आणि प्रत्येकात लाल-हिरवा-निळा असे तीन भाग, म्हणजे बासष्ट लाखांहून जास्त. आयएसओ ९२४१-३०७ या मानकात दोषांनुसार स्क्रीनचे वर्ग ठरवले आहेत आणि कंपन्या आपापल्या वॉरंटीत किती ठिपके चालतील ते लिहून ठेवतात. तुमच्या मॉडेलचा तो कागद वाचा.

विकत घेतल्यानंतर पहिल्या दिवसांतच एकरंगी चाचणी करून घ्या. दुकानाची किंवा ऑनलाइन विक्रेत्याची परत घेण्याची मुदत चालू असेल, तर तो रस्ता वॉरंटीपेक्षा सोपा. रेषेच्या बाबतीत मात्र वॉरंटी सहसा लागू होते, काचेला तडा किंवा दाबाची खूण नसेल तर.

१५. केबल मी घरी बदलू का?

हात स्थिर असतील आणि तुमच्या मॉडेलचा व्हिडिओ मिळाला, तर जमतं. पण एक गोष्ट चुकली तर दोनशे रुपयांच्या कामात मदरबोर्ड जातो: बॅटरी आधी काढायची. चार्जर काढला, लॅपटॉप बंद केला, एवढं पुरत नाही. तळ उघडून बॅटरीचा कनेक्टर बोर्डवरून सोडवा, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, त्यानंतरच केबलला हात लावा.

कारण असं की या केबलमध्ये मागच्या दिव्याच्या जास्त दाबाच्या तारा आणि चित्राच्या नाजूक तारा एकाच कनेक्टरमध्ये शेजारी असतात. वीज चालू असताना कनेक्टर किंचित तिरका निघाला किंवा बसला, तर दिव्याची वीज चुकीच्या पिनवर जाते. नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडतो, नाहीतर ग्राफिक्सची बाजू जळते.

कनेक्टरवर बऱ्याचदा पारदर्शक टेप आणि छोटी धातूची कडी असते. कडी उचलून मगच केबल सरळ मागे ओढा, वर नाही. नवी केबल लावताना ती जुन्याच खाचांतून न्या. बिजागरीभोवती ढिली राहिली, तर ती पुन्हा तिथेच घासेल.

१६. पॅनेलच बदलायचं ठरलं. मागवताना काय बघू?

लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवू नका, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनेल लागलेली असतात. पॅनेल सोडवून मागचं स्टिकर वाचा. `B156HAN02.1` असा नंबर असतो, त्यातला 156 म्हणजे १५.६ इंच. तोच नंबर किंवा त्याला जुळणारा मागवा. पिना ३० की ४०, कनेक्टर कोणत्या बाजूला, स्क्रू लावायचे कान आहेत की नाहीत आणि रिझोल्यूशन काय, हे चार मुद्दे जुळले पाहिजेत. ३० पिनांच्या केबलवर ४० पिनांचं पॅनेल बसत नाही.

हल्लीची पातळ पॅनेल झाकणाला ओढून काढायच्या टेपने चिकटवलेली असतात. टेप हळूहळू, काचेला समांतर ओढून काढायची. पात्याने उचकटायला गेलं की काच तडकते. जुनं पॅनेल चांगलं आहे की नाही हे नक्की नसताना त्याला असं तोडलं, तर परतीचा रस्ता संपतो. म्हणून आधी नवीन पॅनेल नुसतं केबलला जोडून, उशीवर उभं धरून, चित्र बघायचं आणि मगच जुन्याचं काय करायचं ते ठरवायचं. जोडताना बॅटरी काढलेली, हे पुन्हा सांगतो.

१७. पावसाळ्यात लॅपटॉप ओला झाला, स्क्रीनच्या खालून डाग आणि रेषा येताहेत.

पाणी झाकणातून खाली ओघळतं आणि खालच्या कडेला, नेमकं पट्टीपाशी साचतं. तिथे वीज असल्याने काही दिवसांत हिरवट गंज धरतो. २०१९ च्या पुरानंतर असे लॅपटॉप बरेच आले. आठवडाभर वाळवले, चालू झाले आणि महिन्याभराने रेषा सुरू झाल्या.

इथे केबलचा कनेक्टर आणि पॅनेलची पट्टी दोन्ही संशयित असतात. कनेक्टर सोडवून पिना भिंगातून बघा. गंज तिथेच असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करून वाळवल्यावर चित्र परत येऊ शकतं. पट्टीच्या फिल्मखाली पाणी शिरलं असेल, तर साफसफाईने ते निघत नाही. ओला लॅपटॉप चालू करून बघण्याची घाई मात्र करू नका. गंज विजेमुळेच वेगाने वाढतो, म्हणून बॅटरी जितक्या लवकर सुटेल तितकं बरं.

१८. माझ्या लॅपटॉपची केबल वेगळी मिळतच नाही म्हणतात. खरं आहे का?

काही मॉडेलच्या बाबतीत खरं आहे. मॅकबुकमध्ये आणि काही पातळ टचस्क्रीन लॅपटॉपमध्ये काच, पॅनेल आणि झाकण एकत्र चिकटवलेले असतात आणि काहींत केबल पॅनेलच्या पट्टीचाच भाग असते. तिथे निदान केबलचं निघालं, तरी बिल पूर्ण डिस्प्लेचं येतं. २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये हेच दिसलं. वाकून झिजलेल्या केबलमुळे स्क्रीनच्या तळाशी रंगमंचावरच्या दिव्यांसारखे उजेडाचे झोत पडायचे आणि झाकण जास्त उघडलं की दिवाच जायचा. ॲपलने २०१९ मध्ये त्यासाठी मोफत दुरुस्तीची योजना काढली होती.

तुमचं मॉडेल असं असेल, तर तीन गोष्टी करून बघा. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. त्यात केबल वेगळा भाग म्हणून दाखवली असेल, तर ती मिळते आणि "मिळत नाही" याचा अर्थ "आमच्याकडे नाही" एवढाच आहे. दुसरं, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला त्या मॉडेलसाठी काही दुरुस्ती योजना चालू आहे का ते सीरियल नंबर देऊन विचारा. आणि दोन्हीकडून नकार आला, पण झाकणाच्या एका कोनात चित्र पूर्ण स्थिर राहतं, तर लॅपटॉप त्या कोनात ठेवून बाहेरच्या मॉनिटरवर काम चालू ठेवा आणि मॉनिटरच्या किमतीची पूर्ण डिस्प्लेच्या बिलाशी तुलना करा. लॅपटॉप टेबलावरच वापरला जात असेल, तर मॉनिटर बरेचदा स्वस्त पडतो.